पाचव्या मजल्यापर्यंतचा रामराम

१२ ऑक्टोबर, रविवार

समर्थला जर्मनीला जाऊन आज नऊ दिवस झाले. बियाण्याच्या कंपनीनं दुकानदाराला फुकट दिलेली आणि दुकानदारानं मला फुकट दिलेली ही डायरी वर्षभर पत्र्याच्या पेटीत पडून होती. आज काढली. प्रत्येक पानाच्या तळाला शेतीचा एक सल्ला छापलेला आहे. आजचा सल्ला : कांद्याच्या रोपाला पाणी बेतानं द्यावं. आभारी आहे. अठ्ठावीस वर्षं कांदा करते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

घरात बोलायला कोणी नाही म्हणून लिहिते आहे. हे गेले त्याला चार वर्षं झाली. मी चौथीत शाळा सोडली. पुढचं वाचणं समर्थच्या पुस्तकांवरून आणि किराणा बांधून आलेल्या कागदांवरून शिकले, त्यामुळे माझ्या लिहिण्यात काही चुकलं तर दोष किराणा दुकानाचा.

तो निघाला त्या दिवसाचं लिहायचं राहिलंय. सुप्याच्या कंपनीत पाच वर्षं वायरमनचं काम केलेला मुलगा परदेशी निघाला म्हणून सगळी आळी जमली होती. माझी मोठी जाऊ पुष्पावती हिनं त्याच्या हातावर दही घातलं. मी दाराच्या मागे उभी होते. विधवेनं निघणाऱ्याच्या समोर येऊ नये. नऊ महिने पोटात होता तेव्हा मी त्याच्या अगदीच समोर होते, पण तेव्हा माझं कुंकू होतं, त्यामुळे चाललं. जीप वळेपर्यंत मी फटीतून त्याची पाठ पाहिली. फटीतून पाहिलेलं बहुतेक अपशकुनात धरत नसावेत.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

त्याचे सकाळचे सात म्हणजे आपले साडेदहा. घर ते ट्राम हे दहा मिनिटांचं चालणं तो माझ्याशी बोलत काढतो. आज आवाज पडलेला होता.

श्टुटगार्ट नावाच्या शहराजवळ एका आठ मजली इमारतीत त्याला पाचव्या मजल्यावर एक खोली मिळाली आहे. घरमालकीण शेजारच्याच दारात राहते. बेकर तिचं आडनाव. ती आणि तिचा नवरा, दोघंही पंचाहत्तरीचे. खोली सहा महिन्यांसाठी दिली आहे, मार्चअखेरपर्यंत. तोवर त्याची वागणूक पाहून ते पुढचं ठरवणार. तिकडे खोली मिळणं म्हणे नोकरी मिळण्यापेक्षा अवघड. ही गेली तर कंपनीच्या वसतिगृहात एका खोलीत चौघं, आणि कामावर जायला दीड तास.

तर या बेकरबाईनं काल त्याला लिफ्टच्या दारात अडवून सांगितलं, या इमारतीत आम्ही एकमेकांना नमस्कार करतो. तू दहा दिवस करत नाहीस. लोक मला विचारतात, हा रागावलाय का?

मी म्हटलं, मग तू काय करत होतास? तर म्हणाला, खाली बघत होतो.

बरोबरच होतं त्याचं. लहान खोलीत परकी बाई चढली तर नजर खाली ठेवावी आणि मोठी माणसं बोलेपर्यंत गप्प राहावं, हे मीच शिकवलंय. मोठ्या मेहनतीनं शिकवलं होतं. नगरच्या क्लासमध्ये आठ महिने त्याला जर्मन शिकवली. रेल्वेचं तिकीट कसं मागायचं, माझे छंद कोणते, डोकं दुखतं हे डॉक्टरला कसं सांगायचं. लिफ्टमध्ये डोकं वर कसं करायचं, तो धडा पुस्तकात नव्हता.

नाव समर्थ ठेवलं. तोंड उघडायला मात्र समर्थ नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज सुट्टी म्हणून व्हिडिओवर तासभर सराव घेतला. लिफ्टमध्ये मी आयुष्यात एकदाच चढले आहे, नगरच्या दवाखान्यात, ह्यांच्या स्ट्रेचरबरोबर. आत आम्ही सहाजण होतो. कोणीच कोणाशी बोललं नव्हतं. तेव्हा मला वाटलं होतं, लिफ्टची रीतच तशी असेल.

कपाट आणि भिंत यांच्यामधली जागा ती लिफ्ट, असं ठरवलं. मी तिथं उभी राहिले आणि इमारतीतली सगळी माणसं एकटीनं झाले. समर्थनं पंधरा दिवसांत हेरून ठेवलेले नियम असे आहेत :

जो लिफ्टमध्ये शिरतो त्यानं आधी बोलायचं, मग तो वयानं कितीही लहान असो. सकाळी नुसतं "मॉर्गन" म्हटलं तरी भागतं. दिवसभर "हालो" चालतं. पण म्हाताऱ्या माणसांना "ग्र्यूस गॉट" म्हणावं, कारण त्या भागात तसंच म्हणतात. त्याचा अर्थ देव तुझं क्षेम विचारो, असा काहीतरी आहे. म्हणजे रामरामच की. मग तोंड दाराकडे करून उभं राहायचं. मागच्याला कितवा मजला ते विचारून बटण दाबलं तर चांगलं. मधे काही बोलायची गरज नाही, बोललंच तर हवेवर. कसं चाललंय असं उगाच विचारायचं नाही, कारण काही लोक खरंच सांगायला लागतात आणि मजला निघून जातो. उतरताना मात्र गुपचूप उतरायचं नाही. "च्यूस" म्हणायचं, नाहीतर "आडे". सकाळ असेल तर "श्योनन टाग नॉख", म्हणजे उरलेला दिवस चांगला जावो. समोरच्यानं म्हटलं तर आपण "ग्लाइखफाल्स", तुम्हालाही. शुक्रवारी शनिवार-रविवारच्या शुभेच्छा. एकाच दिवशी तेच माणूस दुसऱ्यांदा भेटलं तर पुन्हा सगळं नाही, नुसतं हसून मान हलवायची.

तळमजला ते पाचवा मजला बावीस सेकंद लागतात, त्यानं मोजलेत. आपल्याकडे बावीस सेकंदांत माणूस फक्त चप्पल काढतो.

मी बेकरबाई होऊन कपाटाशेजारी शिरले. समर्थ मोबाईलमधून म्हणाला, "ग्र्यूस गॉट." असं म्हणाला की जणू चोरी कबूल करतोय. दहा वेळा म्हणवून घेतलं. अकराव्या वेळी पुष्पावती मीठ मागायला आली आणि मी कोपऱ्यात उभी राहून भिंतीला "ग्लाइखफाल्स" म्हणताना तिनं पाहिलं. मीठ न घेताच गेली.

३ नोव्हेंबर, सोमवार

जमायला लागलंय. बेकरबाईचा नवरा सकाळी पावणेसातला खाली बेकरीत पाव आणायला जातो, त्याच लिफ्टनं समर्थ उतरतो. म्हाताऱ्यानं त्याला शिकवणी लावली आहे. रोज एक. पहिल्या दिवशी म्हणे, मोठ्यानं बोल, मी बहिरा आहे. दुसऱ्या दिवशी, एवढ्या मोठ्यानं नको, मी तेवढा बहिरा नाही. समर्थ त्याला आजोबा म्हणतो, मनात.

त्यानं समर्थला विचारलं, तुझ्या गावी काय म्हणतात? समर्थनं रामराम सांगितलं. आता म्हातारा पाचव्या मजल्यावर लिफ्टमध्ये चढताना "रामराम" म्हणतो आणि पोरगा "ग्र्यूस गॉट". दोघांनी आपापले देव बदलून घेतले. भांडण नाही, मिरवणूक नाही.

मी विचारलं, बेकरबाई काय म्हणते? म्हणाला, ती कडक आहे, पण परवा लिफ्टचं दार माझ्यासाठी पायानं अडवून धरलं.

त्याची चादर धुऊन टाकली. दर सोमवारी धुते. कोणी झोपत नाही तिच्यावर, पण धूळ बसते.

९ डिसेंबर, मंगळवार

सगळं सुरळीत असलं की लिहायला काही नसतं, म्हणून महिनाभर लिहिलं नाही. समर्थला आता लिफ्टमध्ये सात माणसं नावानं ओळखतात. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईच्या कुत्र्यालासुद्धा नमस्कार करावा लागतो, न केल्यास बाईला वाईट वाटतं, कुत्र्याचं माहीत नाही.

मला गावात किती माणसं नमस्कार करतात ते मी आज गिरणीवर जाता-येता मोजलं. गिरणीवाला भिमाजी सोडून एक. तो एक दारू प्यालेला होता.

फोनवर आज समर्थ हसत होता. इतका हसत होता की फोन ठेवल्यावर घर फार मोठं वाटलं. पोरगं रमलं, चांगलं झालं. चांगलंच झालं. असं दोनदा लिहिलं की खरं वाटतं.

२० जानेवारी, मंगळवार

बेकर आजोबा गेले. रविवारी संध्याकाळी जेवता जेवता. समर्थला काल सकाळी कळलं, लिफ्टमध्ये. म्हातारा आला नाही म्हणून त्यानं दार धरून ठेवलं, तेवढ्यात कुत्र्याची बाई दुसऱ्या मजल्यावरून जिन्यानं वर आली आणि तिनं सांगितलं. लिफ्ट तशीच दार उघडं ठेवून ओरडत राहिली म्हणे.

पोरगं रडत होतं. बाप गेला तेव्हा रडायला त्याला वेळ मिळाला नव्हता, लाकडं आणायची होती.

मग त्यानं विचारलं, "आई, आता बेकरबाई लिफ्टमधी भेटली तर काय म्हनू? रोजचंच म्हनू का?"

त्याला पडलेला प्रश्न खरा होता. त्याच्या पुस्तकात नसला तरी माझ्याकडे उत्तर होतं. मी म्हटलं, "आरं, खुळा का काय तू? सुतक हाय त्यांच्यात. तेरा दिवस नमस्कार घालायचा न्हाई. समोर आली तर मान खाली घालायची आन् बाजूला व्हायचं. निघताना भेटू, येतो, कायबी म्हनायचं न्हाई. दुःखाच्या घरनं गुमान निघायचं असतं."

"हितं तसं असंल का पन?"

"मरन सगळीकडं सारखंच असतं," मी म्हटलं.

हे वाक्य मला बोलताना फार छान वाटलं. एखाद्या पुस्तकात शोभेल असं.

त्याला आणखी सांगितलं, त्या घरात चूल पेटणार नाही, तर तू काहीतरी करून डबा नेऊन ठेव. बेल वाजवू नको, काही बोलू नको. दुःखातल्या माणसाला आभार मानायला लावू नये.

२९ जानेवारी, गुरुवार

काल म्हाताऱ्याला पुरलं. तिकडे दहा-दहा दिवस थांबतात. समर्थ कामावरून सुट्टी घेऊन गेला. लोक रांगेनं खड्ड्यात मूठ मूठ माती टाकत होते आणि बेकरबाईचा हात हातात घेऊन दोन शब्द बोलत होते. समर्थ रांगेत गेला नाही. लांब, एका झाडाखाली मान खाली घालून उभा राहिला. नंतर सगळ्यांना कॉफीला बोलावलं होतं, तिथंही गेला नाही. घरी येऊन आंघोळ केली. मी सांगितलं तसंच. त्याचा मला अभिमान वाटला.

पिठलं आणि भात असा डबा तो एक दिवसाआड तिच्या दाराच्या मुठीला अडकवतो, आपल्याकडून नेलेल्या स्टीलच्या डब्यात. खालून लिफ्ट येताना दिसली आणि आत ती असेल असं वाटलं की हा जिन्यानं उतरतो. पाच मजले. पोराचे गुडघे तरुण आहेत.

त्याला विचारलं, इमारतीतले बाकीचे काय करतात? म्हणाला, ते तिच्याशी बोलतात. मी म्हटलं, असतील, सगळीकडे रीत मोडणारे असतात.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तेरा दिवस शनिवारीच संपले. सोमवारी सकाळी तो लिफ्टपाशी तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ग्र्यूस गॉट, फ्राउ बेकर." इतकं स्वच्छ म्हणाला की त्याला स्वतःलाच आनंद झाला. ती लिफ्टमध्ये शिरली, दाराकडे तोंड करून उभी राहिली आणि उत्तर दिलं नाही. बावीस सेकंद. उतरताना "आडे" पण नाही.

मंगळवारी तेच. बुधवारी तिनं त्याला बघून जिना धरला. पंचाहत्तर वर्षांची बाई.

आज सकाळी त्याच्या दाराच्या मुठीला स्टीलचा डबा अडकवलेला होता. घासून पुसून, रिकामा. आणि आत पत्र. खोली ठरल्याप्रमाणे एकतीस मार्चला रिकामी करावी.

डबा रिकामा परत करतं का कोणी? साखरेचे चार दाणे तरी टाकतात. पण ते राहू दे.

समर्थ म्हणाला, "आई, वसतिगृहात न्हाई राहू शकत मी. चार महिन्यांनी कुठं मानसं झाली हुती मला. परत येतो. सुप्याला घेतील."

मी म्हटलं, बघू. मग फोन ठेवला आणि मला काय झालं ते इथं लिहिते, कारण ही डायरी कोणी वाचत नाही. सुप्याच्या कंपनीची बस आपल्या फाट्यावर किती वाजता येते ते मला आठवलं. पावणेआठ. डब्याला सातला लागावं लागेल. हे सगळं मी एका दमात ठरवून टाकलं आणि कणकेच्या डब्यात किती पीठ आहे तेही बघितलं. त्यानंतर ध्यानात आलं की पोराचं सगळं उधळलंय आणि मी पीठ बघते आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज त्यानं कुत्र्याच्या बाईला गाठून विचारलं, माझं चुकलं काय. तिनं सांगितलं, दुसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत, लिफ्ट मधे थांबवून.

बेकरबाई तिला म्हणाली होती : माझा नवरा त्या मुलाशी रोज बोलायचा. तो मेल्यावर मुलानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला बघून जिन्यानं पळतो, जसा मलाच रोग झालाय. कबरीपाशी हात दिला नाही. आणि दाराला खाणं टांगून जातो, मांजराला ठेवतात तसं.

समर्थनं मला हे जसंच्या तसं सांगितलं. रागानं नाही. त्याला माझा राग आला असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, आपली रीत तशी आहे हे तिला सांग. तो म्हणाला, "सांगाय तोंड उघडलं तर ती निघून जाती." मग म्हणाला, "आई, बाबा गेल्यावर तुला कसं वाटायचं?"

मी म्हटलं, काय वाटायचंय, कामं होती.

८ फेब्रुवारी, रविवार

दोन दिवस नीट झोपले नाही. जे लिहायचं टाळलं होतं ते आज लिहिते.

हे गेले तेव्हा तेरा दिवस आळीत कोणी माझ्याकडे वर मान करून पाहिलं नाही. सगळे रीतीनं वागले. आमची आळी रीतीला फार पक्की आहे. जेवण दाराशी ठेवून जायचे, ताट घासून परत घ्यायचे. मी म्हणायचे, तेरा दिवसांचं आहे, मग सुरू होईल. चौदाव्या दिवशी मी पदर घेऊन नळावर गेले. बायका होत्या. बाजूला सरल्या. मला वाटलं, यांचे दिवस मोजण्यात काहीतरी घोळ झालाय. पंधराव्या दिवशी गेले. चार वर्षं झाली, त्यांचं मोजणं अजून चालू आहे.

सकाळी कोणी कामाला निघालं की मी आत जाते. पहिल्यांदा ते जायला लावायचे, मग मीच जायला लागले. त्यांचा त्रास वाचला.

एक भिमाजी. नवव्या दिवशी गिरणीत दळण घेऊन गेले तर म्हणाला, "राम राम वैनी. बाजरी का ज्वारी?" सुतकात. मला इतका राग आला होता की दळण न घेता घरी आले. याला काही रीतभात आहे की नाही, असं पुष्पावतीला सांगितलं. तिलाही फार वाईट वाटलं, रीतीचं.

आणि आज चार वर्षांनी बसून विचार करते तर त्या तेरा दिवसांतलं कोणाचंही ताट मला आठवत नाही. बाजरी का ज्वारी, एवढंच आठवतं. बाजरी होती.

मरण सगळीकडे सारखं असतं, असं पोराला मोठ्या रुबाबात सांगितलं. त्याच्या पुढचं सांगायला विसरले. जे माझ्या बाबतीत झालं ते मी विमानानं जर्मनीला पाठवलं, आणि पोराकडून एका म्हाताऱ्या बाईवर करून घेतलं. तेही पिठल्यासकट.

हे मी रीत म्हणून सांगितलं का? की तो तिथं फार हसायला लागला होता म्हणून? नाही, त्या वेळी तसं काही मनात नव्हतं. पण पिठाचा डबा मी लगेच बघितला, हे खरं आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

समर्थला फोन करून विचारलं, दुःखातल्या माणसाला तिकडे काय म्हणतात? "माइन बायलाइट," तो म्हणाला. माझी सहवेदना. आता उशीर झाला, तीन आठवडे झाले, असंही म्हणाला. मी म्हटलं, उशिराचं मला सांगू नको.

त्याला सांगितलं, उद्या सकाळी पावणेसातला फोन लावायचा, चित्र दिसेल असा, आणि बाई लिफ्टमध्ये शिरली की तूही शिरायचं. मी बोलणार.

"आई, लिफ्टचं दार लागलं की नेटवर्क जातं."

"मंग दार लागायच्या आत बोलते."

दिवसभर सराव केला. ग्र्यूस गॉट, फ्राउ बेकर. माइन बायलाइट. गाईला म्हटलं. चुलीला म्हटलं. कपाटाच्या कोपऱ्यात उभी राहून म्हटलं, पण या वेळी बेकरबाई तिकडे होती आणि मी माझ्याच जागी होते, त्यामुळे अवघड गेलं. आजच्या पानाखालचा सल्ला : करपा दिसताच फवारणीस विलंब करू नये.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सव्वाअकराला फोन आला, थंडीत तिकडची घड्याळं तासभर मागे करतात. मी ओटीवर उजेडात बसले होते, डोक्यावर पदर, नवं लुगडं. आधी समर्थची हनुवटी दिसली, मग भिंत, मग लिफ्टचं दार. शेजारचं दार उघडल्याचा आवाज झाला. पावलं. समर्थनं फोन फिरवला.

बाई दिसली. काळा कोट, पांढरे आखूड केस, हातात पावाची पिशवी. नवऱ्याची पिशवी असणार, तिला मोठी होत होती. तिनं समर्थकडे पाहिलं नाही, लिफ्टमध्ये शिरली. तोही शिरला. शिरणाऱ्यानं आधी बोलायचं.

"ग्र्यूस गॉट, फ्राउ बेकर," मी म्हणाले.

तिनं चमकून फोनकडे पाहिलं. तिचे डोळे सुजलेले होते, सकाळी सातच्या आत. मला ते डोळे माहीत आहेत. माझे दोन शब्द मी विसरले. साफ विसरले. काल गाईला म्हटलेले शब्द. दार सरकायला लागलं तसं मी जे आलं ते म्हणाले, "बाई, चुकी माझी हाय. पोराला मी सांगितलं हुतं." मराठीत. आणि मग आठवलं आणि म्हणाले, "माइन बायलाइट."

चित्र तिथंच थिजलं. तिचा अर्धा चेहरा, कोटाची कॉलर आणि दारावरचा पेटलेला पाचाचा आकडा. ते बायलाइट दाराच्या आत पोचलं की बाहेर राहिलं, ते कळायला मार्ग नव्हता.

बावीस सेकंद मोजले. मग आणखी बावीस. मग मोजणं सोडलं. वीस मिनिटं झाली. तेवढ्यात मी ओटीवरचे दाणे निवडले, न निवडण्यासारखे होते तेही.

समर्थचा फोन आला तेव्हा तो पळत होता, ट्राम चुकली होती. लिफ्ट खाली पोचली, दार उघडलं. बाई उतरली नाही. तिनं विचारलं, कोण होती ती? तो म्हणाला, माझी आई. तिचापण नवरा गेलाय. आमच्याकडे दुःख असलं की नमस्कार करत नाहीत, मान देतात. तिनंच सांगितलं होतं तसं वागायला. आता म्हणते, तिचं चुकलं.

दार लागलं. कोणीतरी सातव्यावरून बोलावलं होतं, लिफ्ट दोघांना घेऊन वर गेली. सातव्याचा माणूस चढला, "मॉर्गन" म्हणाला, दोघांनी "मॉर्गन" म्हटलं, तिघं खाली आले, तो "च्यूस" म्हणून उतरला. हे दोघं आतच. तिनं स्वतःच पाचचं बटण दाबलं. मग विचारलं, तुझ्या आईशी किती दिवस असं वागले लोक?

समर्थनं मला विचारलं, "मी काय सांगायचं हुतं, आई?"

"काय सांगितलंस?"

"चार वर्सं म्हनलो."

त्याला माहीत होतं. मला वाटायचं, त्याला माहीत नाही.

 पाचव्यावर दार उघडलं तेव्हा बाई म्हणाली, "तो पिवळा पदार्थ मी एकदाही खाल्ला नाही. पुढच्या वेळी बेल वाजव." आणि पाव न आणताच घरात गेली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पत्राचं काय, ते तिनं तीन दिवस काढलं नाही. आज सकाळी लिफ्टमध्ये, दाराकडे तोंड करून, म्हणाली की ते पत्र तू रद्दीत टाक. रद्दीचा डबा निळा आहे, पिवळ्यात टाकू नकोस. मार्चनंतर वर्षभर राहा. पण लिफ्टमध्ये रोज आधी तू बोलायचं, कोणी मेलं असलं तरी. उतरताना "आडे"च्या ऐवजी "बिस मॉर्गन" म्हणाली. म्हणजे उद्या भेटू. तेरा दिवसांत म्हणायचं नसतं ते.

म्हणजे तो येत नाही. सुप्याची बस पावणेआठला फाट्यावर येईल आणि जाईल. चादर सोमवारी धुवायची की नाही, ते सोमवारी बघू.

समर्थ म्हणाला, बाईनं विचारलंय, तुझी आई नीट आहे ना? मी म्हटलं, सांग तिला, ग्लाइखफाल्स.

१८ फेब्रुवारी, बुधवार

पुष्पावतीच्या रुपालीची आज नगरला परीक्षा होती. सकाळी साडेसातला फाट्यावर एस.टी.साठी सगळं घर तिला पोचवायला निघालं. मी अंगणात होते. त्यांना येताना पाहून पाय सवयीनं आत वळले, दाराच्या मागे उभी राहिले, फटीला डोळा लावला.

मग मला ती बाई आठवली, जिना उतरणारी.

मी बाहेर आले. फाटकाबाहेर गेले, रस्त्याच्या मधे, अगदी समोर. आणि बोलायचं ते आधी मीच बोलले. "राम राम रुपाली. नीट लिही गं. ये."

पुष्पावतीनं पोरीचा हात घट्ट धरला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "सविता, आगं निदान आजच्या दिवस तरी."

रुपालीनं हात सोडवून घेतला. "येते काकी," म्हणाली, आणि माझ्या पाया पडली, त्या सगळ्यांच्या देखत.

एस.टी. वेळेवर आली. हे मी मुद्दाम इथं लिहून ठेवते आहे.